बर्बनमधला गोडवा मक्याचा नसतो, मसाला मात्र बराचसा रायचा असतो

प्रश्न: मित्राने अमेरिकेतून फोर रोजेस या बर्बनच्या, म्हणजे मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या, दोन सिंगल बॅरल बाटल्या आणल्या. एकीवर ओईएसव्ही लिहिलंय, दुसरीवर ओबीएसव्ही. दोन्ही नऊ वर्षांच्या, अल्कोहोल दोन्हीत ५७ टक्क्यांच्या आसपास. पण पहिली चक्क गोड लागते आणि दुसरी लवंग-मिरी चावल्यासारखी. मित्र म्हणतो पहिलीत मका जास्त म्हणून गोड. मक्याची साखर दारूत उतरते का? की वरून काही घालतात?

उत्तर:

साखर उतरत नाही आणि वरून घालतही नाहीत, बर्बनमधे रंग किंवा फ्लेवर घालायला अमेरिकन कायद्याने बंदी आहे. मक्यातल्या स्टार्चची साखर होते, ती यीस्ट खातं, त्याचं अल्कोहोल होतं, आणि चुकून काही साखर उरलीच तर ती भट्टीच्या तळाशी राहते कारण साखर वाफ होऊन वर जाऊच शकत नाही. भट्टीतून जे पाण्यासारखं स्वच्छ बाहेर पडतं त्यात साखर शून्य, मग मका १०० टक्के असो की रायच राय असो.

माझी सुरुवातीची वर्षं नाशिककडच्या एका ग्रेन प्लांटमधे गेली आणि नंतर बरीच वर्षं केंटकीत मॅश, म्हणजे दळलेल्या धान्याची पाण्यातली पेज, शिजवण्यात आणि बॅरल चाखण्यात, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडे विचारला गेलाय. आपल्याकडे तर आधी हेच सांगावं लागतं की राय म्हणजे फोडणीतली राई नव्हे, ते गव्हाच्या जातकुळीतलं थंड हवेतलं धान्य आहे, लांबट, करड्या-हिरवट दाण्याचं. एका नातेवाईकांनी मला खरंच विचारलं होतं की मोहरी घालतात म्हणून झणझणीत लागते का.

तुमच्या मित्राने नकळत फार चांगली जोडी आणलीय, कारण या दोन बाटल्यांमधे जवळजवळ एकच गोष्ट वेगळी आहे. फोर रोजेसवाले दोन रेसिपी आणि पाच यीस्ट वापरतात, म्हणून त्यांच्या एकूण दहा व्हिस्की होतात, आणि त्या चार अक्षरांत तेच लिहिलेलं असतं. पहिलं ओ म्हणजे त्यांची लॉरेन्सबर्गची डिस्टिलरी, तिसरं एस म्हणजे स्ट्रेट व्हिस्की, ही दोन बदलत नाहीत. दुसरं अक्षर रेसिपीचं आणि चौथं यीस्टचं. तुमच्या दोन्ही बाटल्यांत यीस्ट व्हीच आहे, ते हलक्या फळांच्या वासाचं. फरक फक्त ई आणि बी चा. ई म्हणजे ७५ टक्के मका, २० टक्के राय, ५ टक्के माल्ट केलेलं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं, बार्ली. बी म्हणजे ६० टक्के मका, ३५ टक्के राय, ५ टक्के माल्ट. बॅरल दोन्हीला नवीन, आतून जाळलेल्या ओकचंच. शिवाय त्यांची गोदामं बसकी, एकमजली आहेत, त्यामुळे इतरांच्या सहा-सात मजली गोदामांत वरच्या आणि खालच्या बॅरलमधे जो उन्हाळ्याचा फरक पडतो तो इथे कमी पडतो. म्हणजे ग्लासात जे वेगळं लागतंय त्याचा बराचसा दोष किंवा श्रेय धान्याला देता येतं, एरवी ही चैन मिळत नाही.

आता आकडे नीट बघा. मका ७५ वरून ६० वर आला, म्हणजे पाचवा हिस्सा कमी झाला. राय २० वरून ३५ वर गेली, म्हणजे पावणेदोन पट झाली. हजार किलो धान्याच्या मॅशमधे २०० किलो रायच्या जागी ३५० किलो. लोक बोलताना "मका जास्त, मका कमी" बोलतात पण खरी उडी रायची आहे, आणि ग्लासात तुम्हाला जाणवते तीही रायचीच उडी. गोडवा कमी झाला असं जे वाटतं ते बऱ्याच अंशी तो झाकला गेल्यामुळे.

मग गोडवा येतो कुठून तर लाकडातून. ओक जाळला की त्याच्या आतल्या थरात व्हॅनिला, टॉफी, खोबरं असे वास तयार होतात, नऊ वर्षं दारू त्या लाकडात आत-बाहेर करत राहते आणि ते सगळं ओढून घेते. लाकडातली थोडी खरी साखरही येते पण ती इतकी कमी की लिटरला एक ग्रॅमही भरत नाही, आणि साध्या पाण्यात साखर आहे हे जिभेला कळायलाच लिटरला तीन-चार ग्रॅम लागते. थोडा गोडसरपणा अल्कोहोलचा स्वतःचाही असतो. बाकीचं काम नाक करतं. जायफळ-वेलचीचा वास आला की पुरणपोळी पानात पडायच्या आधीच तोंड गोड होतं ना, तसंच व्हॅनिलाचं आहे, व्हॅनिला जिभेला गोड नसतो, चाटून बघा, कडू लागतो, पण आयुष्यभर तो आइस्क्रीम आणि केकबरोबर आलेला असल्यामुळे डोकं त्याला गोड म्हणून नोंदवतं. खात्री करायची तर ओईएसव्हीचा घोट नाक चिमटीत धरून घ्या, गोडवा निम्म्याहून जास्त गायब होईल, नाक सोडलं की परत येईल.

"मग मक्याचं काय, तो काहीच देत नाही?" देतो, पण साखर नाही. मक्याचा स्वतःचा स्वाद जरा तेलकट-लोण्यासारखा, लाह्यांसारखा, थोडा भाजक्या कणसाचा, आणि मुख्य म्हणजे तो शांत असतो. तो बाजूला उभा राहतो आणि लाकडाला बोलू देतो. याचा पुरावा हवा असेल तर मेलो कॉर्न नावाची एक पिवळ्या लेबलची व्हिस्की मिळते, ती कॉर्न व्हिस्की या वर्गातली आहे. या वर्गात मका किमान ८० टक्के लागतो, पण बॅरल आधी वापरलेलं किंवा न जाळलेलं घ्यावं लागतं, मेलो कॉर्न वापरलेल्या बॅरलमधे मुरते. मक्याने गोडवा येत असता तर ही सगळ्यात गोड लागायला हवी होती. लागत नाही. लाह्या, लोणी, थोडं वाळलं गवत, आणि बर्बनची ती टॉफी जवळजवळ नाहीच. मका आणखी जास्त, पण नवं जाळलेलं लाकूड नाही, म्हणून गोडवा पण नाही.

उलट बाजूने मेकर्स मार्क बघा. तिथे मका ७० टक्केच, तुमच्या ओईएसव्हीपेक्षा कमी, पण राय अजिबात नाही, त्याजागी १६ टक्के गहू आणि १४ टक्के माल्ट. आणि बहुतेक लोक तिला जास्त गोड म्हणतात! कारण गहूही मक्यासारखाच गप्प बसणारा. म्हणून मी नव्या पोरांना सांगायचो की रेसिपीत मक्याचा आकडा बघू नका, आधी रायचा बघा, गोड लागेल की तिखट ते तिथेच ठरतं.

आता राय एवढी बोलकी का. रायच्या दाण्याच्या सालीत फेरुलिक ॲसिड नावाची एक वस्तू असते, ती सालीच्या धाग्यांना चिकटलेली असते. मॅश शिजताना आणि आंबताना तिचा काही भाग सुटतो, आणि यीस्टच्या बऱ्याच जाती तिच्यातला एक तुकडा तोडून तिचं फोर-विनाइल ग्वायकॉल बनवतात. नाव विसरलात तरी चालेल, वास लक्षात ठेवा, लवंग. जर्मन गव्हाच्या बिअरमधे लवंगेचा वास येतो तो याचाच. पुढे आंबवणाच्या टाकीतले बॅक्टेरिया त्यातल्या काहीचं आणखी एक रूप करतात, ते जास्त मसालेदार आणि किंचित धुरकट. हे पदार्थ अगदी नगण्य प्रमाणात असले तरी नाकाला कळतात, म्हणून रायचे १५ टक्के वाढले की तुम्हाला ते ठणठणीत जाणवतं आणि मक्याचे १५ टक्के गेल्याचं दुःख फारसं होत नाही. गंमत म्हणजे मक्याच्या सालीतही फेरुलिक ॲसिड असतं, चांगलं भरपूर असतं, पण ते तिथे इतकं घट्ट विणलेलं असतं की नेहमीच्या मॅशिंगमधे फारसं सुटत नाही.

इथे यीस्टचा मुद्दा येतो आणि तुमची जोडी का चांगली ते परत कळतं. फोर रोजेसचंच के यीस्ट घेतलं तर ते स्वतःच थोडं मसालेदार चालतं, म्हणजे समजा मित्राने ओईएसव्हीऐवजी ओईएसके आणली असती तर २० टक्के रायवालीही बऱ्यापैकी मसालेदार लागली असती आणि तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता. रेसिपीचे आकडे बघून चव सांगणाऱ्या लोकांची पंचाईत इथेच होते, त्यांना मॅश बिल, म्हणजे धान्यांचं प्रमाण, पाठ असतं आणि यीस्ट माहीत नसतं.

शिजवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण राय वाढवणं म्हणजे नुसतं कागदावर आकडा बदलणं नाही. मका आधी पडतो, ९५-१०० अंशांपर्यंत उकळतो, कारण त्याचा स्टार्च हट्टी असतो. मग मॅश थंड करत ७५ अंशांच्या आसपास आणतात आणि तेव्हा राय घालतात, आणि आणखी खाली ६४-६५ ला माल्ट, कारण माल्टमधले एन्झाइम उकळत्यात मरतात आणि साखर करायचं काम त्यांचंच असतं. रायचा त्रास असा की तिच्यात चिकट डिंकासारखे पदार्थ खूप, पाणी शोषून ती खळ होते. ज्यांनी पिठलं केलंय त्यांना लगेच कळेल, बेसन गरम पाण्यात एकदम ओतलं की गुठळ्या होतात, बाहेरून शिजलेल्या आणि आत कोरडं पीठ, तसंच रायचं होतं, फक्त इथे गुठळी नारळाएवढी असते.

मी जिथे होतो त्या एका प्लांटला (नाव राहू दे) आम्ही एकदा २० टक्क्यांवरून एकदम ३५ च्या पुढे गेलो, शिफ्ट संपत आलेली, मॅश अजून ८५ च्या आसपास गरम, आणि हॉपर पूर्ण उघडून राय सोडली, मीच सोडली, दुसऱ्या कुणाचं नाव घेत नाही. ढवळणाऱ्या मोटरचा आवाज जड झाला तेव्हाच कळायला हवं होतं. नंतर आयोडीनचा थेंब टाकला तर निळा-काळा, म्हणजे स्टार्च तसाच पडलेला. आंबवताना फेस झाकणापर्यंत आला, तीन दिवसांनी टाकीची घनता जिथे एकच्या खाली जायला हवी होती तिथे वरच अडकली, कारण गुठळ्यांमधलं पीठ यीस्टला मिळालंच नव्हतं. आणि खरा घोळ पुढे, तेच पीठ भट्टीत गरम भागाला चिकटून करपलं. त्या बॅचला एक कडवट, जळक्या रबरासारखा वास होता आणि चाखायला आलेला एक पाहुणा म्हणाला, वा, काय रायचा मसाला आहे! तो मसाला नव्हता. खरा रायचा मसाला नाकात लवंग, थोडी मिरी, थोडी बडीशेप, कधी ओल्या भाकरीसारखा येतो आणि घोट गिळल्यावर हळूहळू मावळतो, करपलेलं मात्र जिभेच्या मागे चिकटून बसतं आणि पाणी घातलं की आणखी उघडं पडतं.

भट्टीतून किती जोराची दारू काढता यावरही बरंच आहे. जितकी जास्त शुद्ध काढाल तितकं धान्य मागे राहतं. बर्बनला कायद्याने ८० टक्क्यांच्या वर नेता येत नाही आणि केंटकीत बहुतेक जण ६५ ते ७० मधेच थांबतात, लवंगवाले जड पदार्थ वर यायला ती जागा पुरते. नाशिकच्या प्लांटमधे आम्हीही मकाच घ्यायचो पण ९६ टक्क्यांपर्यंत न्यायचो, ईएनए म्हणतात ते. त्यातला मका हातात घेऊन दाखवा म्हटलं तर कुणी दाखवू शकणार नाही, तांदूळ असता तरी तोच वास आला असता, म्हणजे काहीच नाही. त्यामुळे आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीच्या अनुभवावरून "मका म्हणजे अशी चव" असा अंदाज बांधू नका, तिथे धान्य पुसलेलं असतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, बाटलीतला सगळा मसाला रायचा नसतो. जाळलेल्या ओकमधूनही युजेनॉल येतं, आणि युजेनॉल म्हणजे आपल्या लवंगेच्या तेलातला मुख्य पदार्थ, दाढ दुखली की लावतो तोच. म्हणून राय नसलेल्या जुन्या मेकर्ससारख्या गव्हाच्या बर्बनमधेही थोडी लवंग लागते. आणि दारू बॅरलमधे जितकी जास्त वर्षं राहते तितका लाकडाचा आवाज वाढतो, बारा-पंधरा वर्षांनंतर ई आणि बी मधला फरक ओळखताना मीही चुकलोय. तुमच्या नऊ वर्षांच्या आहेत, धान्य अजून ऐकू येतं, चार-पाच वर्षांच्या मिळाल्या असत्या तर आणखी स्पष्ट दिसलं असतं.

दुसरा गोंधळ अल्कोहोलच्या चटक्याचा. ५७ टक्के म्हणजे जीभ भाजणारच, आणि बरेच जण त्या भाजण्यालाच स्पायसी म्हणतात. वेगळं करायला सोपा उपाय आहे. दोन्हीतलं २० मिली घ्या, प्रत्येकात साधारण १८ मिली साधं पाणी घाला, म्हणजे अल्कोहोल ३० टक्क्यांच्या आसपास येईल. पिण्यासाठी ही पातळ झाली, पण चाखण्यासाठी बरोबर, आम्ही कामावर जवळपास एवढंच पातळ करायचो. चटका जातो. जे उरतं ते धान्य आणि लाकूड. ओबीएसव्हीत लवंग-मिरी अजून उभी असेल तर ती रायची, आणि जर पाणी घातल्यावर दोन्ही सारख्याच गोडसर झाल्या तर तुम्ही आधी अल्कोहोललाच मसाला म्हणत होतात. माझा अंदाज आहे की फरक राहील, थोडा कमी होऊन राहील. फक्त हे लक्षात ठेवा की दोन्ही सिंगल बॅरल आहेत, एकेका पिंपाचा स्वतःचा स्वभाव असतो, तुमच्या दोन बाटल्यांवरून पूर्ण ई आणि पूर्ण बी वर निकाल देऊ नका.

आणि पुढे कधी "राय व्हिस्की" लिहिलेली बाटली घ्यायची झाली तर लेबलच्या नावावर फार जाऊ नका. कायद्याने राय ५१ टक्के झाली की ती राय व्हिस्की आणि मका ५१ झाला की बर्बन. रिटनहाउसमधे राय ५१ आणि मका ३५ टक्के आहे, म्हणजे तुमच्या ओबीएसव्हीपासून ती रायच्या बाबतीत १६ टक्केच लांब, पिताना पण नात्यातली वाटते, टॉफी आहे, मसाला जरा पुढे. पण इंडियानातल्या लॉरेन्सबर्गला (फोर रोजेसच्या गावाचंच नाव, पण राज्य वेगळं, यात मीही एकदा चुकीच्या रस्त्याला लागलोय) एमजीपी या डिस्टिलरी कंपनीची जी ९५ टक्के राय आणि ५ टक्के माल्टवाली रेसिपी बनते, बुलेट राय त्यातलीच, ती मात्र वेगळ्याच गावची. तिथे मका नाहीच, त्यामुळे लाकडाच्या गोडव्याला पाट मांडून देणारं कुणी नाही, आणि लवंगेच्या जोडीला एक हिरवा, शेपूच्या भाजीसारखा वास येतो. शेपू न आवडणाऱ्या घरात ही बाटली उघडताना विचार करा, आमच्याकडे बायकोने एकदा वास घेऊन थेट विचारलं होतं की भाजी कुठे आहे.

तुमच्या दोन्हींची तुलना करायची तर जेवणाआधी करा, मसालेदार जेवणानंतर रायचा मसाला कळत नाही आणि गोड खाल्ल्यावर ओईएसव्हीही कोरडी लागते. आधी ई, मग बी, उलटं केलंत तर ई पाणचट वाटेल. आणि चाखून झाल्यावर ग्लास लगेच विसळू नका, रात्रभर तसेच ठेवा. सकाळी अल्कोहोल उडून गेलेलं असतं, तेव्हा रिकाम्या ग्लासांत नाक घाला. एकातून टॉफी आणि खोबरं येईल, दुसऱ्यातूनही तेच येईल पण खाली लवंगेचा डबा उघडा राहिल्यासारखं काहीतरी असेल.